दामूकाकांची पिशवी

कम्प्लायन्सचं ऑनलाइन ट्रेनिंग घेताना माणूस दोनदाच पुरता जागा असतो. एकदा पासवर्ड टाकताना आणि एकदा सर्टिफिकेट डाउनलोड करताना. मधला पाऊण तास कानाशी कोणीतरी बोलत असतं, पडद्यावर तेच शब्द उमटत असतात आणि खाली 'पुढे' लिहिलेलं बटण करडं होऊन बसलेलं असतं. आवाज संपल्याशिवाय ते निळं होत नाही. म्हणून लोक आवाज बंद करतात आणि चहाला जातात. शेवटी दहा प्रश्न येतात. त्यांत 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे मिटून तेच दाबायचं, हे ज्ञान कोणी न शिकवता प्रत्येक नोकरदाराला असतं. ऐंशी टक्के पडतात, सर्टिफिकेट छापलं जातं, आणि सगळ्यांना कायदा समजला असं कागदोपत्री ठरतं.

ते कानाशी बोलणारं कोणीतरी म्हणजे मी.

अबू धाबीच्या मूळ बेटापासून आत, मुसफ्फाच्या कारखान्यांना खेटून मोहम्मद बिन झायद सिटी आहे. एवढं लांब नाव घ्यायला टॅक्सीवाल्याला वेळ नसतो, तो 'एमबीझेड' म्हणतो आणि मीटर टाकतो. इथे विला आहेत, पण विला म्हटल्यावर सांगलीच्या आत्याच्या डोळ्यांसमोर जे येतं ते नाही. एकेका विलात जिप्समच्या भिंती घालून चार-पाच बिऱ्हाडं बसवलेली असतात. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली की आम्ही गॅस बंद करायला उठतो. अशा एका बिऱ्हाडात, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, मी लोकांना कायदा सांगते.

काम दिलं ते सोन्याच्या दुकानांच्या एका साखळीने. नाव सांगत नाही. सांगितलं तर हा लेखही त्यांच्या वकिलांकडे तपासायला पाठवावा लागेल, आणि परत येईल तेव्हा त्यात 'इत्यादी' हा शब्द अठरा ठिकाणी असेल. त्यांना ट्रेनिंग मल्याळममध्ये हवं होतं, हिंदीत हवं होतं, आणि मराठीतही हवं होतं, कारण काउंटरवर आणि मागच्या कारखान्यात विटा-खानापूरकडची बरीच मुलं आहेत. त्या भागातली गलाई करणारी घराणी भारतभर पसरलेली आहेत. सोनं गाळणं, कस पाहणं, कानसलेला चूरसुद्धा झाडून गोळा करणं त्यांच्या हातात असतं. अशा मुलांना सोनं शिकवायची गरज नसते. शिकवायचं होतं ते सोन्याच्या बदल्यात येणाऱ्या नोटांबद्दल.

नियम तसा छोटा आहे. संयुक्त अरब अमिरातीत सोन्याच्या किंवा हिऱ्यांच्या व्यापाऱ्याकडे एखाद्या माणसाने ५५,००० दिरहम किंवा त्याहून जास्त रोख दिले, तर त्या माणसाचं ओळखपत्र घ्यायचं, प्रत ठेवायची आणि goAML नावाच्या सरकारी प्रणालीत तो व्यवहार नोंदवायचा. ही प्रणाली संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालयाने बनवलेली असून बरेच देश ती वापरतात. काळा पैसा पांढरा करायला सोन्यासारखी दुसरी सोय नाही. छोटं असतं, वितळतं, आणि वितळल्यावर कोणाच्या गळ्यात होतं ते सांगत नाही. सराफांसाठी ही नोंद २०२१ मध्ये सक्तीची झाली. पुढे मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाने हा देश करड्या यादीत टाकला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर काढला. मधल्या काळात इथल्या सराफांच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्यांचे केस त्याच रंगाचे झाले.

आता हा छोटा नियम माझ्याकडे कसा आला ते पाहा. मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं:

'मौल्यवान धातू व रत्ने यांच्या व्यापारात गुंतलेल्या प्रत्येक आस्थापनेने, एकल अथवा परस्परसंबंधित भासणाऱ्या अनेक रोख व्यवहारांचे एकूण मूल्य ५५,००० दिरहम इतके अथवा त्याहून अधिक असल्यास, ग्राहकाची ओळख पटवून, तत्संबंधीचे दस्तऐवज जतन करून, सदर व्यवहाराची विहित प्रणालीद्वारे नोंद करणे बंधनकारक आहे.'

हे वाक्य एका श्वासात वाचता येत नाही. मी प्रयत्न केला, 'भासणाऱ्या'पाशी दम लागला. आणि ऐकणाऱ्याची अवस्था वाचणाऱ्याहून वाईट असते. वाचणारा मागे जाऊन 'कोणी, काय, कधी' शोधू शकतो. ऐकणाऱ्याच्या हातात मागचं वाक्य नसतं. क्रियापद शेवटी येतं, तोवर 'आस्थापनेने' नेमकं काय करायचं होतं हे विसरून तो खिडकीबाहेर बघायला लागलेला असतो.

कम्प्लायन्स अधिकारी कोट्टयमचे. मराठी कळत नाही, पण ऐकून त्यांनी विचारलं, "इतका वेळ तुम्ही एकच वाक्य बोलत होता?" मी हो म्हटलं. "मल्याळममध्येही असंच झालं," ते म्हणाले. "तिथली बाई मध्ये पाणी प्यायला गेली."

मग आम्ही बसून कीर्तनकारांच्या मार्गाने जायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं, त्यांना कीर्तन म्हणजे काय ते समजावण्यात चहाचे दोन पेले गेले. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन तत्त्व सांगतात, उत्तररंगात त्याच तत्त्वावर एक आख्यान लावतात. एकच आख्यान, एकच नायक, शेवटपर्यंत. बुवांना शेकडो वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते इंग्रजांकडे जॉन क्लीज या विनोदी नटाने आणि अँटनी जे यांनी मंडळी जमवून १९७२ मध्ये व्हिडिओ आर्ट्स नावाची कंपनी काढून दाखवलं. त्यांनी ऑफिसातल्या चुकांवर हसवणाऱ्या ट्रेनिंग फिल्म काढल्या आणि त्या वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. फक्त बुवांकडे टाळ होता आणि पूर्वरंग वगळता येत नव्हता. आमच्याकडे टाळ नव्हता, म्हणून पूर्वरंगच वगळला. कलमं, व्याख्या, 'सदर प्रशिक्षणाची उद्दिष्टे' सगळं कापून थेट आख्यान लावलं.

आख्यानाचे नायक दामूकाका.

दामूकाका मुसफ्फात वर्कशॉप चालवून पोट सुटलेले, सरळ, बोलघेवडे गृहस्थ. मुलीचं लग्न ठरलंय. पाटल्या, तोडे आणि कोल्हापुरी साज घ्यायचाय. हातात कापडी पिशवी. पिशवीत एकसष्ट हजार दिरहम, रबरबँड लावून. काउंटरवर सचिन नावाचा मुलगा. एवढ्या मालावर पाऊण तासाचा कायदा सांगायचा होता.

पहिला प्रसंग असा. काका पिशवी उपडी करतात. सचिन मोजतो. आणि इथे माझा आवाज येतो:

'रोख किती? मोजा. पंचावन्न हजार, किंवा त्याहून जास्त? ओळखपत्र मागा. प्रत काढा. बिलाला जोडा. नोंद करा.'

इतकंच. प्रत्येक वाक्यात एक काम. शेवटचं काम कम्प्लायन्स अधिकाऱ्याचं, म्हणून ते नंतर 'ऑफिसला कळवा' असं सुटसुटीत केलं. मसुद्यातले सगळे हुकूम यात आहेत. फक्त ते आता पंगतीला ओळीने बसलेत, आधी एकमेकांच्या मांडीवर बसले होते.

काका अर्थातच भडकतात. "मला ओळखपत्र मागतोस? गणपतीत आमच्या घरी मोदक खाऊन गेलास तू!" हा संवाद घातला कारण तो खरोखर होतो. मराठी गिऱ्हाइकाला वजनावरून, बट्ट्यावरून, घडणावळीवरून भांडायला आवडतं, ते त्याच्या हक्काचं भांडण असतं. पण ओळखपत्र मागितलं की त्याच्या खानदानाला हात घातल्यासारखं होतं. आणि काउंटरवरचा मुलगा नियम विसरत नाही, तो लाजतो. नियम मोडतो तो लाजेपायी. म्हणून त्याला नियमाआधी उत्तर द्यावं लागतं. सचिन म्हणतो, "काका, तुम्हाला ओळखतो. सरकार ओळखत नाही. सगळ्यांनाच मागतो, मोठ्या साहेबांनाही मागितलं." हे खरं असल्यामुळे चालतं. या नोंदीत लपवण्यासारखं काही नाही. ती आरोप नाही, सगळ्यांना सारखी आहे. ओळखपत्र का हवं ते खुशाल सांगावं.

छोट्या वाक्यांचं हे कौतुक मी करतेय तोवर त्यातला धोकाही सांगते, कारण आमच्या गटातल्या एका उत्साही तरुणाने कात्री लावली तेव्हा तो समोर आला. त्याने माझं वाक्य आणखी छोटं करून आणलं: 'पंचावन्न हजारांच्या वर? ओळखपत्र घ्या.' ऐकायला छान. पण नियमात 'इतके किंवा जास्त' आहे. बरोबर पंचावन्न हजार देणारा माणूस त्याच्या वाक्यातून निसटतो, आणि मर्यादा माहीत असलेला लबाड बरोबर तेवढेच देतो. शिवाय 'रोख' हा शब्दही त्याने गाळला होता. मग कार्डाने पैसे देणाऱ्या प्रत्येक बाईकडे ओळखपत्राची मागणी होणार, आणि दुकानात गोंधळ. वकील मंडळी जड शब्द कशाला वापरतात, तर अशा बारीक खिळ्यांसाठी. वाक्यं तोडावीत, पण तोडताना खिळे मोजून घ्यावेत. आम्ही त्या लांब वाक्यातले खिळे मोजले. 'रोख' हा एक, 'इतके किंवा' हा दुसरा, 'परस्परसंबंधित' हा तिसरा. एवढे जागेवर राहिले की बाकी लाकूड कापा.

तिसऱ्या खिळ्यासाठी दामूकाकांना परत उभं केलं.

काका ओळखपत्रावर अडतात. मग त्यांच्या डोक्यात येतं, "असं कर. आज तीस हजारांचं दे. उरलेलं उद्या माझा पुतण्या शरद येऊन घेईल." हा खरा सापळा, आणि ज्याने तो काउंटरवर पाहिला नाही त्याला तो सोयीचा तोडगाच वाटतो. तीसही पंचावन्नच्या आत, एकतीसही आत, शरदचं नाव वेगळं. कागदावर दोन निरागस व्यवहार. पण लग्न एक, साज एक, पिशवी एक. कायदा बेरीज मागतो. मी वाचते:

'काका आले, तीस. शरद आला, एकतीस. लग्न एक. बेरीज करा. एकसष्ट.'

आणि त्याच्या पुढचं वाक्य थोडा दम घेऊन: 'आणि बेरीज टाळायला दोन भाग केले असतील, तर ते वेगळं कळवा.'

इथे आमच्या खोलीत वाद झाला. मला दामूकाका चोर व्हायला नको होते. मी तर कारणही लिहून ठेवलं होतं. काका सरकारपासून लपवत नव्हते, काकूंपासून लपवत होते. साज एवढ्याचा घेतला हे काकूंना कळलं तर लग्नाआधी घरातच पंचायत बसली असती, आणि ओळखपत्राची प्रत म्हणजे काकूंच्या हाती लागणारा कागद अशी त्यांची समजूत. अधिकारी ऐकून हसले आणि मग म्हणाले, "हे सचिनला माहीत असणार आहे का?" नाही. "मग सचिनने काय करायचं?" आणि तिथे सगळ्या ट्रेनिंगचं मर्म निघालं, जे मसुद्याच्या चौदा पानांत कुठेच नीट नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने गुन्हा ठरवायचा नसतो. काका चोर की बायकोला भिणारे, हे त्याने शोधायचं नसतं. त्याने जे पाहिलं ते तसंच आपल्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याला सांगायचं. संशयाचा अहवाल पाठवायचा की नाही, ते अधिकारी ठरवतो. आणि संशयाला पंचावन्नची मर्यादा नाही. पाच हजारांच्या अंगठीवरही शंका आली तर कळवायचं.

शंका कशावरून यावी याची यादी मसुद्यात होती. आम्ही त्यातली एकच घेतली, कारण ती ऐकताच कारखान्यातली सगळी मुलं हसणार याची मला खात्री होती. चौथ्या प्रसंगात दामूकाकांच्या जागी एक अनोळखी माणूस येतो. तो नक्षी बघत नाही. वजन विचारत नाही. घडणावळ किती टक्के, ते विचारत नाही. 'जड कुठलं ते द्या' म्हणतो आणि नोटा मांडतो. घडणावळीवर घासाघीस न करता सोनं घेणारं गिऱ्हाईक! सराफाला हे लक्षण शिकवावं लागत नाही, त्याच्या अंगावर आपोआप काटा येतो. ज्याला दागिना घालायचा असतो तो घडणावळीवर भांडतो. ज्याला फक्त नोटांचं सोनं करायचं असतं, त्याच्या दृष्टीने घडणावळ म्हणजे धुलाईची मजुरी. मुलांकडे जे शहाणपण आधीच होतं त्याला नियमाची दोरी बांधायची होती, एवढंच.

अनोळखी माणूस आणण्यामागे आणखी एक कारण होतं. एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं की ऐकणाऱ्याला नियम आठवतो, पण त्या उदाहरणाच्या कपड्यांतच आठवतो. नाहीतर मुलं कापडी पिशवीवाल्या पोटसुट्या काकांचीच ओळखपत्रं मागत बसली असती, आणि सुटाबुटातला माणूस सलाम घेऊन निघून गेला असता. म्हणून दामूकाका तीन प्रसंग, आणि चौथ्यात त्यांच्यासारखा अजिबात न दिसणारा कोणीतरी. बुवा आख्यान संपवताना परत अभंगावर येतात, ते उगाच नाही.

गोष्टीचा दुसरा रोग मला रिचर्ड मायर यांच्या पुस्तकातून माहीत झाला. हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, चित्र आणि आवाज एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर त्यांनी आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं की रंजक पण असंबद्ध तपशील घातले तर माणसाला तपशील आठवतो, मुद्दा जातो. मी पहिल्या लिखाणात दामूकाकांना एक उंट दिला होता. शेजारच्या शेतावरचा, काकांच्या गाडीची वाट अडवणारा. उंट फार छान जमला होता. नमुना म्हणून दोघा-तिघांना ऐकवला. 'काय लक्षात राहिलं?' विचारलं तर सगळ्यांनी 'उंट' सांगितलं. रक्कम कोणी सांगितली नाही. उंट कापला. काकांचा मधुमेहही कापला. गोष्टीत तेवढंच ठेवलं ज्यावर नियमाचं बोट टेकतं: पिशवी, नोटा, पुतण्या, ओळखपत्र. मायर यांचीच आणखी एक गोष्ट आम्ही ऐकली. पडद्यावर दिसणारं वाक्यच शब्दशः मोठ्याने वाचायचं नाही. डोळा एका वेगाने वाचतो, कान दुसऱ्या, आणि मेंदू दोघांचं भांडण सोडवत बसतो. म्हणून पडद्यावर फक्त पिशवीचं चित्र आणि ५५,००० हा आकडा. बोलायचं काम माझं.

आकड्याबद्दल एक बारीक गोष्ट. पंचावन्न आणि पंच्याण्णव हे स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर, कारखान्यात पॉलिशचं मशीन चालू असताना, सख्खे जुळे भाऊ वाटतात. एकाने पंच्याण्णव ऐकलं तर साठ हजारांचं गिऱ्हाईक सरळ बाहेर जाईल. म्हणून मी पहिल्यांदा आकडा आला की 'पंचावन्न हजार, पाचावर पाच' म्हणते, आणि त्याच क्षणी पडद्यावर आकडा येतो. इथे डोळा आणि कान मुद्दाम एकत्र आणले. बाकी कुठे नाही.

आता रेकॉर्डिंग. पुस्तकात 'शांत खोली निवडावी' असं दीड ओळीत असतं. मोहम्मद बिन झायद सिटीत ऑगस्टमध्ये शांत खोली म्हणजे एसी बंद खोली. एसी चालू असला तर माझ्या प्रत्येक वाक्याखाली वारा वाहतो, मग कायदा सांगणारी बाई गच्चीवर वाळवण राखत बसलीय असं वाटतं. एसी बंद केला तर पंधरा मिनिटांत खोलीची भट्टी होते. आणि मी खोलीतही नसते, कपाटात असते. प्रतिध्वनी मारायला कापडासारखं दुसरं काही नाही, म्हणून डावीकडे साड्या, उजवीकडे ह्यांचे सूट, डोक्यावर गोधडी, समोर एक वीतभर अंतरावर माइक. तोंड माइकच्या थेट समोर धरायचं नाही, किंचित बाजूला, कारण आपल्या प, फ, भ मधून हवेचा गोळा सुटतो आणि माइकवर ढब्ब आदळतो. काळ्या पैशाच्या कायद्यात 'फसवणूक', 'भरणा' आणि 'पंचावन्न' हे शब्द ओळीओळीला येतात. हा कायदा मराठीत ओठांनीच लिहिलाय.

पैठणी बाहेर काढावी लागली. जर वाजते.

वाक्यं छोटी करण्याचा खरा फायदा तिथे कपाटात कळतो. लांब वाक्यात मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. छोट्या वाक्यात एकच वाक्य पुन्हा घ्यायचं. भिंतीपलीकडे कुकर वाजला, बाहेर पाण्याचा टँकर मागे येत टिटी करत राहिला, की 'प्रत काढा' एवढंच पुन्हा म्हणायचं. अजान झाली की थांबायचं, दार उघडायचं, एसी लावायचा, पाणी प्यायचं, आणि मग पुन्हा भट्टीत. शेवटी सगळं झाल्यावर अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करायची असते. दोन वाक्यांच्या मधल्या जागा त्याच शांततेने भरतात, नाहीतर तिथे ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. त्या अर्ध्या मिनिटात घामाचा थेंब कागदावर पडला तो ऐकू येतो. मी खोटं सांगत नाही, काढावा लागला.

वेगाचं तर वेगळंच. जाहिरात करणारे माझे मित्र मिनिटाला जेवढे शब्द बोलतात त्याच्या जवळपास निम्मे मी बोलते. 'ओळखपत्र मागा' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोक्यात हात पुढे व्हायला हवा, तेवढी जागा ठेवायची. वकिलांनी पहिली आवृत्ती ऐकून "मध्ये आवाज गेला का?" असं विचारलं. आवाज गेला नव्हता, सचिन फोटोकॉपी काढत होता.

ते ट्रेनिंग लागलं. चहाला जाणाऱ्यांची संख्या कमी झाली असं अधिकारी म्हणतात, मोजलेली नाही. एक गोष्ट मात्र कोणालाच न मोजता कळली. शाखाशाखांत 'दामूकाका' हा शब्द चालू झाला. कारखान्यातून ओरडा येई, "अरे, दामूकाका झाले का नोंदवून?" बेरीज चुकली तर "शरद धरलास का?" मल्याळी मुलंही 'दामूकाका' म्हणायला लागली, त्यांच्या आवृत्तीतल्या कुरियनचेट्टनपेक्षा आमचा नायक सरस ठरला. मी आठवडाभर हवेत होते.

मग अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाज खाली.

एका शाखेत एक माणूस आला होता. जड कुठलं ते द्या, म्हणाला. काउंटरवरच्या मुलाला सगळं बरोबर आठवलं, आणि त्याने दुकानाच्या या टोकापासून त्या टोकाला हाक दिली, "दादा, दामूकाका आलेत!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. त्या माणसाने नोटा गोळा केल्या आणि गेला.

संशयाची नोंद होतेय हे ज्याच्याबद्दल आहे त्याला कळू देणं या देशात गुन्हा आहे. तुरुंग किंवा दंड, किंवा दोन्ही. ओळखपत्राची नोंद उघड, संशयाची नोंद बंद, हा फरक आम्ही चौथ्या प्रसंगात एका वाक्यात सांगितला होता. पण आख्यान इतकं चढलं की ते वाक्य कोणाच्या कानावर पडलंच नाही, आणि आमच्या नायकाचं नावच इशारा होऊन बसलं. अधिकारी म्हणाले, "तुम्ही त्यांना गाजवलंत, आता तुम्हीच झाका."

तेव्हा काही वाक्यं वाढवायची ठरली: 'संशय आला? गिऱ्हाइकासमोर बोलू नका. सहकाऱ्यालाही ओरडून सांगू नका. अधिकाऱ्याला गाठा.' त्याच्या पुढे, सगळ्यांच्या आग्रहाने, 'दामूकाकांचं नाव काउंटरवर घेऊ नका.' वकिलांनी त्यावर तीन दिवस घेतले. त्यांची हरकत अशी की काल्पनिक पात्राचं नाव घेण्यास मनाई करण्याचा अधिकार आस्थापनेला आहे किंवा कसे, आणि खरोखर दामोदर नावाचं गिऱ्हाईक आलं तर त्याला हाक कशी मारायची.

शेवटी 'त्याला आडनावाने हाक मारा' असं ठरलं. तेवढ्यासाठी परत कपाटात शिरले. या वेळी मला सर्दी झाली होती, त्यामुळे ट्रेनिंगच्या अठराव्या मिनिटाला कायदा सांगणाऱ्या बाईचं नाक अचानक बंद होतं आणि वीस सेकंदांनी मोकळं होतं. मुलांनी त्यावरही नाव ठेवलंय, पण ते मला कोणी सांगत नाही. गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, हे आता बरोबर समजलंय.